कार्ड फॉरमॅट करायचं, पण कुठे? कॅमेऱ्यात की कॉम्प्युटरवर?

हा भाग ऐकण्याऐवजी वाचताय म्हणजे बहुतेक बसमध्ये आहात आणि हेडफोन घरी राहिलेत. काही हरकत नाही. बोललेलं जवळपास सगळं इथे उतरवलंय. फक्त मधे खालून भंगारवाला ओरडत गेला, तेवढं गाळलंय.

आजचा विषय एका छोट्याशा प्रश्नावरून निघाला. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करायचं असेल, तर ते लॅपटॉपला लावून राइट क्लिक करून फॉरमॅट करायचं, की कॅमेऱ्याच्या मेन्यूत जाऊन? खूप जण म्हणतात, "फरक काय पडतो, रिकामं ते रिकामं." दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच म्हणत होते. मग वाघोलीत एक साखरपुडा झाला.

काय झालं होतं

माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा. नगर रोडवरून केसनंद फाट्याला आत वळलं की लॉन्स लागतात ना, त्यातल्याच एका ठिकाणी. संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम. फोटोग्राफर ठरवलेला होता, पण व्हिडिओ माझ्याकडे. घरचंच काम, पैसे वाचतात, आणि मला हौस.

आदल्या रात्री मी कार्ड तयार केलं. ६४ जीबीचं एसडी कार्ड. त्यातले जुने फोटो लॅपटॉपवर घेतले, कार्डवर राइट क्लिक केलं, `Format` निवडलं. खिडकी उघडली आणि `File system` समोर दोन पर्याय दिसले: `NTFS` आणि `exFAT`. मी विचार केला, लॅपटॉपची स्वतःची डिस्क `NTFS` आहे, म्हणजे तेच चांगलं असणार. निवडलं, `Start` दाबलं, पाच सेकंदांत काम झालं. कार्ड एकदम कोरं. मग मी अजून एक शहाणपणा केला. नवरा-नवरीच्या लहानपणच्या फोटोंचा एक व्हिडिओ बनवला होता, १.८ जीबीचा, एलईडी स्क्रीनवर लावायला. पेनड्राइव्ह सापडेना, म्हणून तोही त्याच कार्डवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता लॉन्सवर कार्ड आधी स्क्रीनवाल्या दादांच्या लॅपटॉपला लावून बघितलं. व्हिडिओ मस्त चालला. कार्ड काढलं, कॅमेऱ्यात घातलं, आणि कॅमेऱ्यानं सांगितलं की हे कार्ड वापरता येत नाही, फॉरमॅट करा.

माझ्या पोटात गोळा. दुसरं कार्ड घरी, आयव्ही इस्टेटच्या बाजूला, आणि संध्याकाळी सहाला नगर रोडवर घरी जाऊन परत येणं म्हणजे काय, हे वाघोलीकरांना वेगळं सांगायला नको. कॅमेऱ्यात `OK` दाबावं तर व्हिडिओ जाणार. न दाबावं तर शूटिंग होणार नाही. मामा लांबून हात हलवून विचारतोय, "काय गं, चालू झालं का?"

शेवटी स्क्रीनवाल्या दादांना शोधलं, ते चहाला गेले होते. त्यांच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉपी केला. कार्ड काढून टाकलं आणि मगच कॉपी उघडून बघितली, म्हणजे चालतोय तो कार्डवरचा नाही, लॅपटॉपवरचाच आहे याची खात्री झाली. मग कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट केलं. पुढे तीन तास कॅमेरा एकदाही कुरकुरला नाही.

पण या गडबडीत जी पंधरा-वीस मिनिटं गेली, त्यात आमच्या आजीनं नातीला ओवाळलं. ते माझ्या कॅमेऱ्यात नाही. कुणाच्या तरी फोनमध्ये आहे, एका काकांच्या खांद्याआडून, तेही अर्धंच. आजी आता नाहीये. म्हणून हा भाग.

फॉरमॅट म्हणजे नक्की काय होतं?

आधी एक गैरसमज काढूया. फॉरमॅट केल्यावर कार्ड धुऊन-पुसून स्वच्छ होतं, असं आपल्याला वाटतं. साध्या, झटपट फॉरमॅटमध्ये तसं होत नाही.

कार्ड ही जमीन आहे असं समजा. त्या जमिनीचा कुठला तुकडा कुठल्या फोटोच्या नावावर आहे, हे लिहिलेलं एक दप्तर कार्डच्या सुरुवातीला असतं. तलाठ्याकडे सातबारा असतो, तसं. फॉरमॅट करताना जमीन नांगरली जात नाही, नवीन कोरं दप्तर मांडलं जातं. जुने फोटो तिथेच पडलेले असतात, फक्त कागदोपत्री ते कुणाच्याच नावावर नसतात. त्यांच्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मग ते खरे जातात.

या दप्तरात साधारण तीन गोष्टी असतात. पहिली, कार्डचा कुठला भाग वापरायचा याची नोंद, म्हणजे पार्टिशन. दुसरी, जागा किती मोठ्या तुकड्यांत वाटायची तो आकार. तिसरी, कुठला तुकडा भरलेला आणि कुठला रिकामा याची यादी. हे सगळं लिहायची जी पद्धत, तिला फाइल सिस्टीम म्हणतात. `FAT32`, `exFAT`, `NTFS` ही त्या पद्धतींची नावं.

आता माझी चूक बघा. दप्तर मराठीतच आहे, पण ते मोडीत लिहिलंय असं समजा. जमीन चांगली, नोंदी चांगल्या, पण ज्याला मोडी येत नाही त्याच्यासाठी तो कागद बिनकामाचा. विंडोजच्या लॅपटॉपला या सगळ्या लिप्या येतात. कॅमेऱ्याला येत नाहीत. कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्रॅम छोटा असतो आणि एसडी कार्डच्या नियमांत ज्या पद्धती दिल्यात तेवढ्याच त्याला शिकवलेल्या असतात. `NTFS` त्यात नाही. म्हणून तेच कार्ड दादांच्या लॅपटॉपवर चाललं आणि कॅमेऱ्यात चाललं नाही. कार्ड खराब नव्हतं, कॅमेराही खराब नव्हता.

आणि इथे एक फसवी गोष्ट आहे. कार्ड खरंच मेलेलं असो किंवा नुसतं दप्तर वाचता येत नसो, बरेच कॅमेरे दोन्ही वेळेला साधारण तोच संदेश दाखवतात. त्यामुळे आपण घाबरून कार्डला दोष देतो. ओळखायचं कसं? कार्ड कॉम्प्युटरला लावा. तिथे व्यवस्थित उघडलं, फाइल्स दिसल्या, चालल्या, तर संशय फॉरमॅटवर घ्या. विंडोजमध्ये कार्डवर राइट क्लिक करून `Properties` उघडलं की `File system` समोर नाव लिहिलेलं असतं. तिथे `NTFS` दिसलं की गुन्हेगार सापडला.

नियम कुणी ठरवले?

एसडी कार्ड पॅनासॉनिक (तेव्हाची मात्सुशिता), सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून आणलं आणि २००० साली त्यांनी एसडी असोसिएशन स्थापन केली. कार्डचा आकार, पिना, वेग, आणि कार्डवर दप्तर कसं मांडायचं, हे सगळं या संस्थेच्या नियमांत आहे.

आपल्या कामाचे नियम दोनच. कार्डवर `SDHC` लिहिलं असेल, म्हणजे २ जीबीच्या वर आणि ३२ जीबीपर्यंत, तर पद्धत `FAT32`. कार्डवर `SDXC` लिहिलं असेल, म्हणजे ३२ जीबीच्या वर आणि २ टीबीपर्यंत, तर पद्धत `exFAT`. आपल्या हातात आज येणारी ६४, १२८, २५६ जीबीची कार्डं सगळी `SDXC`. मायक्रो एसडीलाही हेच लागू. म्हणजे ड्रोन, डॅशकॅम, अॅक्शन कॅमेरा सगळे आले.

आता कॅमेऱ्यात फॉरमॅट करण्याचा पहिला फायदा समजेल. कॅमेरा तुम्हाला `NTFS` की `exFAT` असं विचारतच नाही. तो कार्डचा प्रकार बघतो आणि नियमाप्रमाणे जे हवं ते मांडतो. कॉम्प्युटर मात्र विचारतो, कारण त्याच्यासाठी एसडी कार्ड, पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क हे सगळे एकाच माळेचे मणी. जिथे निवड आहे तिथे चूक आहे, आणि माझी चूक तिथेच झाली.

"मग मी exFAT निवडलं असतं तर?"

हा प्रश्न मला आमच्या ग्रुपवर एकानं विचारला आणि तो रास्त आहे. खरं उत्तर असं की बहुतेक वेळा चाललं असतं. ६४ जीबी कार्डला विंडोजमध्ये `exFAT` निवडून बाकी काही न छेडता फॉरमॅट केलं, तर तुकड्याचा आकार १२८ केबी येतो, आणि एसडीच्या नियमातही ६४ जीबीला तोच आकार आहे. म्हणजे "कॉम्प्युटरवर केलं की कार्ड बाद" असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

पण "बहुतेक वेळा" या शब्दात जे लपलंय ते बघू.

३२ जीबीचं कार्ड घ्या. नियमाप्रमाणे त्यात तुकडा ३२ केबीचा हवा. विंडोज तेच कार्ड `FAT32` मध्ये करताना आपल्या सवयीनं १६ केबीचा तुकडा पाडतो. तुकडे लहान झाले की यादी लांबते. ३२ केबीनं कार्डवर साधारण पावणेदहा लाख तुकडे होतात, १६ केबीनं साडेएकोणीस लाख. व्हिडिओ लिहिताना कॅमेऱ्याला दर थोड्या वेळानं ही यादी अद्ययावत करावी लागते. काम दुप्पट नोंदींचं.

दुसरी गोष्ट जुळणीची. ही जरा नीट ऐका, कारण "रेकॉर्डिंग आपोआप बंद पडलं" या तक्रारीमागे कधी कधी हीच असते. कार्डच्या आतली चिप पाटीसारखी नसते, की कुठलंही अक्षर पुसलं आणि तिथेच दुसरं लिहिलं. तिच्यात मोठे मोठे खण असतात. लिहिता थोडं थोडं येतं, पण पुसायचं झालं तर अख्खा खण एकदम पुसावा लागतो. अर्धा खण भरलेला असताना त्यात बदल करायचा असेल, तर कार्डला आधी त्यातलं चालू सामान दुसरीकडे हलवावं लागतं, मग खण पुसायचा, मग परत लिहायचं. याला वेळ लागतो.

म्हणून एसडीच्या नियमात असं ठरवलंय की दप्तराची आणि फाइल्सच्या जागेची सुरुवात या खणांच्या कडेशी जुळवून करायची. ६४ जीबी कार्डवर पार्टिशन सुरू होण्याआधी १६ एमबी जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते, ती याचसाठी. विंडोजमध्ये नुसतं राइट क्लिक करून फॉरमॅट केलं तर पार्टिशनची सुरुवात सहसा हलत नाही. पण कुणी पार्टिशनच उडवून नवं बनवलं, किंवा मॅकवर अख्खं कार्ड `Erase` केलं, तर नवी सुरुवात कार्डच्या खणांशी जुळेलच असं नाही. मग प्रत्येक तुकडा दोन खणांच्या कडेवर अर्धा-अर्धा बसू शकतो. डबा भरायचा एक, पण झाकणं उघडायची दोन.

फोटो काढताना हे जाणवत नाही, कारण दोन फोटोंच्या मधे कार्डला श्वास घ्यायला वेळ मिळतो. व्हिडिओत मिळत नाही. कार्डवर `V30` लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. पण ही हमी कार्डवरचं दप्तर नियमाप्रमाणे मांडलंय असं धरून दिलेली असते. मांडणी बिघडवून वर हमीची अपेक्षा ठेवणं म्हणजे स्कूटरला तीन सीट बसवून अॅव्हरेज मागणं.

एसडी असोसिएशन स्वतःही हेच सांगते: कॉम्प्युटरमध्ये येणारं फॉरमॅटचं साधन सगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी असतं, ते एसडी कार्डसाठी नेमकं नाही, त्यानं कार्डची कामगिरी खालावू शकते.

FAT32 मोठ्या कार्डवर: चार जीबीची भिंत

उलट चूकही होते. गाडीतल्या जुन्या म्युझिक सिस्टीमला `exFAT` वाचता येत नाही, म्हणून कुणीतरी ६४ जीबीचं कार्ड वेगळं सॉफ्टवेअर वापरून `FAT32` करतं, गाणी टाकतं, आणि सहा महिन्यांनी तेच कार्ड कॅमेऱ्यात येतं. कॅमेरा `FAT32` वाचू शकतो, त्यामुळे तो काही बोलत नाही. सगळं ठीक दिसतं.

पण `FAT32` मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. फाइलचा आकार लिहायला दप्तरात जागाच तेवढी ठेवलेली आहे. आता हिशोब करा. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटनं घेत असाल, तर सेकंदाला १२.५ एमबी. ४ जीबी किती वेळात भरतात? साधारण पाच मिनिटं चाळीस सेकंदांत. म्हणजे पाऊण तासाच्या कार्यक्रमाच्या आठ फाइल्स. बरेच कॅमेरे स्वतःच पुढची फाइल सुरू करतात, मग घरी येऊन तुकडे जोडत बसा. काही जुने कॅमेरे तिथे सरळ थांबतात, आणि कॅमेरा स्टँडवर लावून तुम्ही जेवायला गेला असाल तर कळणारही नाही. काही जुन्या मॉडेलमध्ये ही मर्यादा कॅमेऱ्याचीच असते, ती फॉरमॅट बदलून जात नाही. पण नवा कॅमेरा आणि मोठं कार्ड असताना फाइल्स एकसारख्या चार जीबीला तुटलेल्या दिसल्या, तर `Properties` मध्ये जाऊन फाइल सिस्टीम बघा.

कॅमेरा आपलं घर कसं मांडतो

कार्ड उघडलं की `DCIM` नावाचा फोल्डर दिसतो. तुमच्या फोनमध्येही तोच आहे. १९९८ मध्ये जपानमध्ये डिजिटल कॅमेऱ्यांसाठी एक नियम ठरला की फोटो `DCIM` मध्ये ठेवायचे, आतल्या फोल्डरचं नाव तीन आकडी संख्येनं सुरू करायचं, आणि फाइलच्या नावात चार अक्षरं आणि चार आकडे. म्हणून कॅननच्या कार्डवर `100CANON` दिसतं, सोनीच्या कार्डवर `100MSDCF`.

फोटोंचं एवढ्यावर भागतं. व्हिडिओचं मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं. उदाहरणार्थ सोनीचे बरेच कॅमेरे व्हिडिओ `DCIM` मध्ये ठेवतच नाहीत, ते `PRIVATE` मधल्या `M4ROOT` मधल्या `CLIP` मध्ये जातात, आणि त्यांची एक वेगळी यादी कॅमेरा सांभाळतो. तुम्ही कॉम्प्युटरवरून एखादी क्लिप उडवली किंवा तिचं नाव बदललं, की यादीत ती आहे आणि जागेवर नाही. मग कॅमेरा तक्रार करतो आणि यादी दुरुस्त करू का विचारतो. कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं की दप्तराबरोबर हे सगळं घरही नव्यानं, त्या कॅमेऱ्याच्या पद्धतीनं मांडलं जातं. कॉम्प्युटर फक्त रिकामी खोली देतो.

मॅकवाल्यांसाठी एक खास गोष्ट. मॅकवर कार्डमधले फोटो डिलीट केले की ते कार्डवरच `.Trashes` नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातात. कचरापेटी रिकामी न करता कार्ड काढलं तर कॅमेऱ्याला एकही फोटो दिसत नाही, पण जागा मात्र भरलेली. "फोटो शून्य, तरी कार्ड फुल्ल" असं दिसलं की हेच समजायचं.

आणि फोनवाल्यांसाठी एक. कार्डचा खण असलेल्या काही अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड घातलं की ते फोनचं अंतर्गत स्टोरेज म्हणून वापरायचं का, असं विचारतात. हो म्हटलं की फोन ते कार्ड स्वतःच्या पद्धतीनं फॉरमॅट करून कुलूपबंद करतो. ते मग कॅमेऱ्यातही उघडत नाही, दुसऱ्या फोनमध्येही नाही, लॅपटॉपवरही नाही. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर ते फोनला अंतर्गत म्हणून कधीही देऊ नका.

मी आता काय करते

कार्यक्रम झाला की त्याच रात्री कार्डवरचं सगळं लॅपटॉपवर कॉपी करते. कॉपी, `Cut` नाही. मधेच केबल निघाली तर `Cut` मध्ये दोन्हीकडचं अर्धवट राहू शकतं. मग दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. कार्ड काढून टाकते आणि दोन-चार व्हिडिओ सुरुवात, मध्य, शेवट असे चालवून बघते. `Eject` केल्याशिवाय कार्ड ओढत नाही, कारण लॅपटॉप दप्तर लिहीत असताना कार्ड ओढलं तर दप्तर अर्धवट राहतं.

लॅपटॉपवरून डिलीट काही करत नाही. पुढच्या कामाच्या आदल्या दिवशी, ज्या कॅमेऱ्यात कार्ड जाणार त्याच कॅमेऱ्यात, बॅटरी भरलेली असताना फॉरमॅट करते. कॅननमध्ये पाना असलेल्या टॅबमध्ये `Format card`, निकॉनमध्ये सेटअप मेन्यूत `Format memory card`, सोनीमध्ये मेन्यूत `Format`. आपल्या मॉडेलमध्ये शब्द थोडा इकडेतिकडे असेल. कॅननमध्ये बाजूला `Low level format` अशी खूणही असते. ती दर वेळेला लागत नाही, कार्ड लिहायला मंद झालंय असं वाटलं तर वापरायची. मग तिथल्या तिथे एक फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ घेऊन चालवून बघते. हे सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

कॅमेरा फॉरमॅट करायलाच नाही म्हणाला तर आधी कार्डच्या कडेची `Lock` कळ बघा. ती खाली सरकलेली असते आणि आपण उगाच घाम गाळतो. तेही नसेल तर एसडी असोसिएशनचं `SD Memory Card Formatter` नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. त्याला नियम माहीत आहेत. मॅकनं किंवा फोननं पार्टिशन वेडंवाकडं करून ठेवलेलं कार्ड यानं सहसा रुळावर येतं. त्यानंतर परत एकदा कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं, घर मांडायला.

आणि यानंही जमलं नाही, किंवा आज फॉरमॅट केलं आणि उद्या परत तीच एरर, तर ते कार्ड बाजूला ठेवा. कॅमेऱ्यात फॉरमॅट करणं हे औषध नाही. मरायला टेकलेलं किंवा नकली कार्ड त्यानं बरं होत नाही. ६४ जीबी छापून आत ८ जीबीची चिप असलेलं कार्ड कॅमेऱ्यात खुशाल फॉरमॅट होतं आणि आठ जीबी झाल्यावर फाइल्स खराब व्हायला लागतात. विंडोजवर `H2testw` नावाचं छोटं सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं, त्यातून खरी जागा कळते. नवं कार्ड घेतलं की कामाला लावण्याआधी एकदा हे करून घ्यावं.

चुकून फॉरमॅट झालं तर

शेवटचा मुद्दा, कारण कुणाचं तरी आत्ताच झालेलं असणार. सातबारा आठवा. दप्तर कोरं झालंय, जमीन अजून तशीच असण्याची शक्यता आहे. म्हणून पहिली गोष्ट, कार्ड ताबडतोब कॅमेऱ्यातून काढा. "एक फोटो काढून बघू चालतंय का" असं अजिबात करू नका, तो एक फोटो नेमका जुन्या फोटोच्या डोक्यावर बसेल. मग कॉम्प्युटरवर `PhotoRec` सारखं मोफत सॉफ्टवेअर वापरून फाइल्स शोधा, आणि सापडलेलं त्याच कार्डवर नव्हे, लॅपटॉपवर साठवा. फाइल्सची मूळ नावं मिळणार नाहीत, मोठे व्हिडिओ तुकड्यांत लिहिलेले असतील तर तेही नीट येणार नाहीत. `Low level format` किंवा विंडोजमध्ये `Quick Format` ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल, तर फारशी आशा ठेवू नका. तिथे जमीन खरंच नांगरली जाते.

त्या साखरपुड्याचं कार्ड अजून माझ्याकडे आहे. त्यावर मी पांढऱ्या मार्करनं "कॅमेरा" लिहिलंय. त्यात आता गाणी जात नाहीत, स्लाइड शो जात नाही, ते लॅपटॉपवर फॉरमॅट होत नाही. साठ रुपयांची कार्ड ठेवायची डबी घेतली, तीत नेहमी एक जादा फॉरमॅट केलेलं कार्ड असतं. आणि पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलाय, म्हणजे सापडत नाही असं होत नाही.

आज रात्री तुमच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून एकदा `File system` बघा, आणि काही विचित्र दिसलं तर आधी कॉपी करा, मग कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, नमस्कार!